श्वास सोडल्यावर फुफ्फुसं रिकामी का होत नाहीत?

प्रश्न: नेरूळला एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे. साधा श्वास सोडल्यावर फुफ्फुसं अडीच लिटरच्या आसपासच का थांबतात?

उत्तर: कारण त्या क्षणी फुफ्फुसाची आत आक्रसण्याची ओढ आणि छातीच्या पिंजऱ्याची बाहेर फाकण्याची ओढ अगदी बरोबरीत येतात, श्वासाचे स्नायू तेव्हा सैल असतात. दोघांच्या ताणाताणीमुळे मधल्या प्लुरल पोकळीत दाब उणे ५ सेंमी पाण्याइतका असतो. ठाण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना याचा पुरावा एक्स-रेवरच दिसतो. न्यूमोथोरॅक्समध्ये त्या पोकळीत हवा शिरली की जोड तुटते: फुफ्फुस आक्रसून मध्याकडे जातं आणि त्याच बाजूच्या बरगड्या फाकतात. म्हणजे दोन्ही ओढी खऱ्या आहेत. एम्फिसीमात फुफ्फुसाची ओढ ढिली पडते, म्हणून तोल जास्त आकारमानावर जमतो आणि छाती पिंपासारखी दिसते. फायब्रोसिसमध्ये नेमकं उलट.

एक लक्षात ठेवा, अडीच लिटर हा आकडा ताठ बसलेल्या किंवा उभ्या प्रौढाचा. उताणं झोपलं की पोट डायफ्रामला वर ढकलतं आणि हा साठा अर्धा ते एक लिटरने घटतो. भूल दिल्यावर तो आणखी कमी होतो, म्हणूनच लठ्ठ पेशंटला आम्ही डोक्याकडून उंच करून आधी ऑक्सिजन देतो.