कुंडीच्या तळाशी खडे घालू नका

प्रश्न: बाल्कनीत पहिल्यांदाच थोड्या भाज्या लावायच्या आहेत. कुंड्या किती मोठ्या घ्याव्यात, माती कशी तयार करावी, ऊन किती लागतं? आणि पाणी साचू नये म्हणून तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालतात, ते किती घालायचे?

शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसले आहे. उत्तर एका शब्दात: अजिबात नाही. एक बोटभर थरही नको.

या खड्यांवरून माझ्या मामांशी माझा वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. मामांनी आयुष्यभर शेती केली. जमिनीतलं त्यांना जितकं कळतं त्याच्या दहावा हिस्साही मला कळत नाही, हे मी मनापासून म्हणते. पण कुंडी म्हणजे जमिनीचा लहान तुकडा नव्हे, हे त्यांना काही केल्या पटत नाही. मी टोमॅटोसाठी २० लिटरच्या बादल्यांना भोकं पाडत होते तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले होते. मला तळाशी काहीच न घालता मिश्रण भरताना पाहिलं आणि म्हणाले, "अगं, विटांचे तुकडे घातल्याशिवाय भरतेस? मुळं कुजतील सगळी." मी म्हटलं, "मामा, विटा घातल्या तरच कुजतील." ते चिडले. एक बादली त्यांनी स्वतः भरली: खाली चार बोटं विटांचे तुकडे, वर आवारातली काळी माती आणि थोडं शेणखत. दुसरी मी भरली, तळापासून काठापर्यंत एकच मिश्रण. रोपं एकाच वाफ्यातली, ऊन तेच.

माती आणि विटा यांच्यात काय होतं ते सांगते. पाणी वरून खाली जातं हे खरं, पण मातीचे बारीक कण ते धरून ठेवतात. बारीक मातीखाली एकदम मोठ्या पोकळ्या आल्या की पाणी त्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. वरची माती जवळजवळ चिंब होईपर्यंत ते मातीतच अडून राहतं. त्यामुळे प्रत्येक कुंडीच्या तळाशी एक ओला थर कायम असतो, भोकं कितीही असली तरी. त्याची उंची मिश्रणाच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. जाडसर मिश्रणात तो दोन-तीन बोटं असतो, बारीक चिकण मातीत जवळजवळ अख्खी कुंडीच व्यापतो. खाली विटा घातल्या म्हणून हा थर विटांत उतरत नाही. तो विटांच्या वर बसतो, आणि मुळांना तेवढी जागा कमी पडते.

जमिनीत असं होत नाही, कारण खाली हातभर, पुरुषभर माती सलग असते आणि ती पाणी ओढत राहते. मामांचा अनुभव तिथला आहे. तो खोटा नाही, फक्त तो बादलीला लागू नाही.

त्यांच्या बादलीतलं रोप आधी बरं वाढलं. मग खालची पानं पिवळी पडली आणि एके सकाळी रोप मलूल दिसलं. मामांनी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी मलूल. इथे नीट लक्ष द्या, कारण नव्याने लावणारे इथेच हमखास फसतात. भर दुपारी पानं मान टाकतात आणि संध्याकाळी सावरतात, ते उन्हामुळे. त्याची काळजी नको. सकाळी थंड वेळेला पानं लोंबलेली आणि माती ओली, म्हणजे मुळांना हवा मिळत नाहीये. तेव्हा पाणी घालणं म्हणजे रोप मारणं. बोट वरून दोन पेरं खुपसून बघा, शिवाय तळाच्या भोकातून एक काडी आत सरकवून बघा. वर कोरडं आणि काडीला चिखल, असं असेल तर पाण्याचा डबा बाजूला ठेवा. मिश्रणाला आंबूस, कुजका वास येत असेल तर निदान पक्कं.

हंगाम संपल्यावर दोन्ही बादल्या उलट्या केल्या. मामांच्या बादलीत मुळं वरच्या अर्ध्यातच होती, खालची तपकिरी, मऊ, बोटांनी चोळली की साल निघून येणारी. विटांवर काळ्या चिखलाचा गोळा बसला होता. माझ्या बादलीत पांढरी मुळं कडेकडेने तळापर्यंत पोचली होती.

मामा म्हणाले, "तुझं मिश्रणच वेगळं होतं. विटांचा काय दोष?" आक्षेप रास्त होता. म्हणून पुढच्या हंगामात दोन्ही बादल्यांत माझंच मिश्रण भरलं, एकीत खाली विटा. या वेळी कुठलंच रोप कुजलं नाही. चांगल्या जाडसर मिश्रणाखाली विटा असल्या तर त्या मुळं कुजवत नाहीत, हे मला मान्य करावंच लागेल. पण विटांच्या बादलीत मिश्रण कमी मावलं, म्हणजे पाण्याचा साठाही कमी. फळं धरली की ती बादली दुपारपर्यंत हलकी व्हायची, रोप माना टाकायचं, आणि काही टोमॅटोंच्या बुडाला काळे, चपटे, चामड्यासारखे डाग पडले. हा रोग नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी नाही, असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही आणि बूड काळं पडतं. म्हणजे चिकण मातीखाली विटा उपयोगाच्या नाहीत आणि चांगल्या मिश्रणाखाली त्या नुसत्या जागा अडवतात. त्या घालाव्यात अशी परिस्थिती मला तरी दिसत नाही.

मामांना मी स्पंजही दाखवला होता, तुम्हीही करून बघा. भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, थेंब थांबू द्या. मग तोच उभा धरा: पाणी पुन्हा गळायला लागतं. स्पंज तोच, उंची वाढली म्हणून जास्त पाणी निघालं. आडव्या स्पंजाखाली खडे लावले तर तेवढं निघत नाही. ते बघून मामा म्हणाले, "स्पंज वेगळा, माती वेगळी." नाही मामा, नियम दोघांनाही एकच आहे.

कुंडीची निवड यातूनच ठरते. उथळ, पसरट कुंडीत ओल्या थराच्या वर मुळांना जागाच उरत नाही, म्हणून फळभाज्यांना खोली हवी. टोमॅटोला एका रोपामागे १५ ते २० लिटर आणि ३० सेंटीमीटरच्या आसपास खोली. मिरची, वांगं १० ते १५ लिटरमध्ये होतं. पालक, कोथिंबीर, कोशिंबिरीचा पाला यांना १५ सेंटीमीटर खोल पण रुंद ट्रे पुरतो. मातीची, प्लॅस्टिकची की कापडी, यावर फार वेळ घालवू नका. मातीची लवकर सुकते, काळं प्लॅस्टिक उन्हात तापतं, बाकी सगळी चालतात. तळाला बोटाएवढी चार-पाच भोकं पाडा, माती सांडू नये म्हणून जाळीचा तुकडा टाका आणि कुंडी दोन पट्ट्यांवर उचलून ठेवा. भोक थेट फरशीला टेकलं तर ते नसल्यासारखंच.

मिश्रण: एकाच मापाने दोन भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग परलाइट नावाचे हलके पांढरे दाणे किंवा धुतलेली जाड वाळू. बारीक वाळू नको, ती उरलेल्या पोकळ्याही बुजवते. आवारातली माती तर नकोच. कुंडीत रोज पाणी पडून ती विटेसारखी घट्ट बसते. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या, काही विटांत मीठ बरंच असतं आणि कोवळ्या पानांच्या कडा करपतात. कंपोस्ट हाताला गरम लागत असेल किंवा नाकाला झोंबत असेल तर ते अजून कच्चं आहे, थांबा. तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. गोळा व्हायला हवा, पण बोटाने टोचला की मोडायला हवा. पिळल्यावर धार लागली तर जाडसर भाग वाढवा. कोकोपीटमध्ये रोपाचं पोषण जवळजवळ नसतं, त्यामुळे कळ्या दिसू लागल्या की दर दोन-तीन आठवड्यांनी वरून मूठभर कंपोस्ट आणि एखादं द्रव खत द्यावं लागतं.

उन्हाबद्दल बाल्कनीची दिशा विचारत बसू नका, सावली बघा. आकाश मोकळं असेल अशा दिवशी दर तासाला कुंडीच्या जागी हात धरा. बोटांची सावली कडा स्पष्ट दाखवत असेल तो तास उन्हाचा, धूसर असेल तो नाही. असे सहा तास किंवा जास्त मिळाले तर टोमॅटो, मिरची. तीन-चार मिळाले तर पालेभाज्या, आणि मग टोमॅटोचा हट्ट सोडा. रोप लांबट, बारीक होईल, फुलं गळतील. हात जमिनीवर आणि कठड्याच्या उंचीवर, दोन्हीकडे धरा. भिंतीसारखा बंद कठडा असेल तर खाली सावली आणि वर लख्ख ऊन असतं, अशा वेळी स्टुलावर ठेवलेली कुंडी जगते. ऋतूही बघा. सूर्य हिवाळ्यात खाली असतो, तेव्हा ऊन बाल्कनीत आतपर्यंत शिरतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब तेच ऊन अडवतो.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. २० लिटरची बादली या मिश्रणाने भरून ओली झाली की साधारण १५ ते २० किलो भरते, साध्या मातीची ३० च्या वर जाते. अशा दहा बादल्या एकाच कोपऱ्यात रचू नका, भिंतीलगत पसरून ठेवा, कठड्याच्या बाहेर तर काहीही टांगू नका. इमारत जुनी असेल किंवा स्लॅबला भेगा असतील तर आधी जाणकाराला दाखवा.

आणि तुम्ही आधीच मातीने भरलेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या कुंड्या घेऊन बसला असाल तर लगेच उपटू नका. तळाच्या भोकातून जाड सुती दोरीचा तुकडा वीतभर आत सरकवा आणि तेवढाच बाहेर खाली लोंबू द्या. पाणी घातल्यावर दोरी ओली होऊन तळाचं पाणी ओढून बाहेर ठिबकवते. कुंडी उंचावर हवी, दोरीचं टोक भोकाच्या खाली हवं. सुती दोरी हंगामभरात कुजते, ती बदलत राहा, आणि हंगाम संपला की माती बदला.