ग्रेटिंगवर इंचाला १५,००० रेषा आहेत, सोडियमचा प्रकाश (५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर) लंब पडतोय. d/λ २.८७ येतं, म्हणजे सर्वांत वरची ऑर्डर ३ ना? आणि त्या ऑर्डरला दोन रेषांमधला कोन किती? माझा शून्य येतोय.

३ नाही, २. हा आकडा जवळच्या पूर्णांकात करायचाच नसतो, अपूर्णांक टाकून द्यायचा असतो. तिसऱ्या ऑर्डरसाठी sin θ १.०४४ लागेल, आणि असा कोन नसतो. २.९९ आलं असतं तरी उत्तर २ च.

हे इतकं ठामपणे लिहितोय कारण याच २.८७ पायी प्रात्यक्षिक परीक्षेत माझे गुण गेले आहेत. ग्रेटिंग हेच होतं, दिवाही सोडियमचाच. मी "कमाल ऑर्डर २" लिहिलं. परीक्षक म्हणाले, "२.८७ म्हणजे जवळजवळ ३. तिसरी ऑर्डर शोधा." मी दुर्बीण एका बाजूला पार नव्वद अंशांपर्यंत नेली, मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे अंधार. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या मित्राने त्यांना बोलावून तिसरी ऑर्डर दाखवली. फिकट होती, पण पिवळी रेषा होती, मीही डोळा लावून पाहिली. परीक्षक म्हणाले, "बघा, आहे की! तुमची मांडणीच चुकलेली आहे."

मांडणी चुकली होती, पण माझी नाही. त्याच संध्याकाळी मी मित्राची वही मागून घेतली. दुसऱ्या ऑर्डरला थेट किरणापासून एका बाजूचा कोन ४१.५ अंश, दुसऱ्या बाजूचा ५०.४. माझ्याकडे दोन्ही बाजूंना ४४.१ होते. त्याचं ग्रेटिंग कॉलिमेटरला लंब नव्हतंच, सुमारे १० अंशांनी कललेलं होतं. तसं झालं की सूत्र d(sin i + sin θ) = nλ होतं. तिसऱ्या ऑर्डरला लागणाऱ्या १.०४४ पैकी ०.१७४ तो कलच भरून देतो, उरतात ०.८७०, म्हणजे साधारण साडेसाठ अंश. म्हणून त्याला तिसरी ऑर्डर दिसली, आणि तीही एकाच बाजूला, थेट किरणापासून सत्तर अंशांच्या आसपास. शिवाय त्याने ४१.५ आणि ५०.४ ची सरासरी घेऊन लंब आपाताच्या सूत्रात घातली होती. तरंगलांबी आली ६०८ नॅनोमीटर. सोडियमची पिवळी रेषा ६०८ ला? तो आकडा वहीत समोर असताना मांडणी माझी चुकीची ठरली, हे मला आजही पटत नाही.

तेव्हा कोणी तिसरी ऑर्डर दाखवली, तर वाद घालण्याआधी डाव्या-उजव्या बाजूचे कोन मागा. आणि ते दुसऱ्या ऑर्डरचेच मागा. त्या दहा अंशांच्या कलानेही पहिल्या ऑर्डरच्या दोन कोनांत जेमतेम दीड अंशाचा फरक पडतो, तो सहज नजरेतून सुटतो. दुसऱ्या ऑर्डरला तोच फरक नऊ अंशांचा होतो.

तुमच्या शून्याचं कारण वेगळं आहे. दुसऱ्या ऑर्डरचे कोन ४४.०८ आणि ४४.१४ अंश येतात. दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत लिहिले की दोन्ही ४४.१, वजाबाकी शून्य. दोन जवळच्या रेषांसाठी कोन वेगवेगळे काढून वजा करूच नयेत. d sin θ = nλ चं अवकलन करा:

Δθ = n Δλ / (d cos θ)

d १६९३ नॅनोमीटर, cos θ ०.७१८. वर २ × ०.६, म्हणजे १.२. खाली १६९३ × ०.७१८, म्हणजे सुमारे १२१६. भागाकार ०.०००९९ रेडियन, अंशांत ०.०५७, म्हणजे ३.४ मिनिटं. व्हर्नियर एका मिनिटापर्यंत वाचत असेल, तर हा फरक मोजता येतो, पण एका मिनिटाची चूक झाली तरी उत्तर तीस टक्क्यांनी हलतं. दोन रेषा एकमेकींत मिसळून जाड पट्टा दिसत असेल, तर आधी स्लिट अरुंद करा. ग्रेटिंगला दोष देऊ नका. दुसऱ्या ऑर्डरला या दोन रेषा वेगळ्या करायला सुमारे ४९१ रेषांवर प्रकाश पडला तरी पुरतो, आणि तेवढ्या रेषा एका मिलिमीटरच्या आत बसतात.

एक सांगायचं राहिलं. हे Δθ चं सूत्र θ नव्वदच्या अगदी जवळ असेल तर वापरू नका. तिथे cos θ शून्याकडे जातो आणि फुगलेलं उत्तर येतं. आणि प्रश्नात "लंब" हा शब्द नसेल, तर कमाल ऑर्डर २ हे माझं उत्तरही धरू नका. अडीच अंशांपेक्षा थोडा जास्त कल असला, तरी गणितात तिसरी ऑर्डर येते. माझ्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत मात्र "लंब" हा शब्द स्पष्ट छापलेला होता.