‘नो सूनर’ला ‘दॅन’, ‘हार्डली’ला ‘व्हेन’: रेघेबाहेर काय आहे ते आधी बघा

‘बँकेच्या परीक्षेत वाक्याचा एक भाग अधोरेखित करून पर्याय देतात. “नो सूनर” आणि “हार्डली” असलेली वाक्यं मला दर वेळी चकवतात. दोन्हींचा अर्थ एकच, मग एकाला “दॅन” आणि दुसऱ्याला “व्हेन” का? आणि “नो करेक्शन रिक्वायर्ड” कधी निवडायचं?’

हा गोंधळ मराठी माणसाचा होणं अगदी स्वाभाविक आहे. आपण म्हणतो, ‘तो पोहोचतो न पोहोचतो तोच गाडी सुटली.’ मराठीत हा एकटा ‘तोच’ सगळं काम भागवतो, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे एकच जोडशब्द चालेल असं कान सांगतो. इंग्रजीत मात्र जोडशब्द पहिल्या शब्दाच्या जातीवर ठरतो.

‘सूनर’ हे ‘सून’चं तुलनेचं रूप आहे, म्हणजे ‘अधिक लवकर’. तुलना आली की ‘पेक्षा’ येणार, आणि इंग्रजीतला ‘पेक्षा’ म्हणजे ‘दॅन’. शब्दशः उलगडलं तर अर्थ असा निघतो: त्याचं पोहोचणं गाडी सुटण्यापेक्षा काही लवकर घडलं नाही. ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’मध्ये तुलना नाहीच. त्यांचा अर्थ ‘जेमतेम’. जेमतेम पोहोचला होता, तेव्हा गाडी सुटली, म्हणून ‘व्हेन’. बोलण्यात ‘हार्डली… दॅन’ही ऐकू येतं, पण परीक्षेत ते चूक धरतात.

आता एक प्रश्न सोडवून बघू. वाक्य असं: ‘नो सूनर हॅड द मॅनेजर सँक्शन्ड द लोन व्हेन द कस्टमर विथड्र्यू हिज ॲप्लिकेशन.’ रेघ ‘सँक्शन्ड द लोन व्हेन’ एवढ्याखाली. पर्याय: ‘सँक्शन द लोन दॅन’, ‘सँक्शन्ड द लोन दॅन’, ‘सँक्शन्ड द लोन देन’, ‘हॅड सँक्शन्ड द लोन दॅन’ आणि ‘नो करेक्शन रिक्वायर्ड’.

बहुतेक जण रेघेखालचा भाग आधी वाचतात. मी उलट करायला सांगेन. रेघेबाहेरचं काहीही बदलता येत नाही, म्हणून तेच आधी वाचा. बाहेर ‘नो सूनर’ आहे, म्हणजे ‘दॅन’ हवंच. ‘व्हेन’ ठेवणारा शेवटचा पर्याय गेला, ‘देन’वालाही गेला, तिथे एका अक्षराचाच सापळा आहे. बाहेर ‘हॅड’ही आहे, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप हवं, ‘सँक्शन’ गेलं. आणि ‘हॅड’ बाहेर असताना आत दुसरं ‘हॅड’ कशाला? उरला दुसरा पर्याय, ‘सँक्शन्ड द लोन दॅन’. बाहेर ‘हॅड’च्या जागी ‘डिड’ असतं, तर पहिला पर्याय बरोबर ठरला असता.

गंमत पुढे आहे. वाक्य तेच, तितकंच चुकीचं. फक्त रेघ ‘नो सूनर’खाली आणा. आता ‘व्हेन’ बाहेर गेलं, त्याला हात लावता येत नाही. म्हणून उत्तर ‘हार्डली’. एकाच चुकीची दोन वेगळी उत्तरं निघाली, केवळ रेघ सरकल्यामुळे. म्हणून ‘नो सूनर म्हणजे दॅन’ एवढंच पाठ केलेला विद्यार्थी इथे अडतो: तो पर्यायांत ‘दॅन’ शोधत बसतो आणि ते कुठेच नसतं.

‘नो करेक्शन’चा प्रश्न याच जोडीवर समजतो. ‘द मॅनेजर हॅड हार्डली सँक्शन्ड द लोन व्हेन द कस्टमर विथड्र्यू हिज ॲप्लिकेशन’ या वाक्यात रेघ ‘हॅड हार्डली सँक्शन्ड’खाली आहे असं धरा. पर्यायांत ‘हार्डली हॅड सँक्शन्ड’ दिसतं आणि हात तिकडे जातो, कारण ‘हार्डलीनंतर लगेच हॅड’ असं डोक्यात बसलेलं असतं. पण ‘हॅड’ कर्त्याच्या आधी येतं ते ‘हार्डली’ वाक्याच्या सुरुवातीला असेल तेव्हाच. इथे वाक्य कर्त्यानं सुरू होतं, म्हणून क्रम सरळ आहे आणि वाक्य बरोबर आहे.

तेव्हा बदल करण्यापूर्वी स्वतःला विचारा: मूळ भागात नेमकं काय मोडलंय? जोडशब्द, काळ, वचन, क्रम, अर्थ, यातलं एक तरी नाव घेता आलं पाहिजे. ‘कानाला बरं वाटत नाही’ एवढ्यावर बदलू नका. दिलेला पर्यायही शुद्ध असेल आणि मूळ भागही शुद्ध असेल, अर्थही तोच असेल, तर मूळच ठेवायचं.

काहीच सुचलं नाही तर? आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो. पाच पर्यायांत डोळे मिटून ठोकलं, तर सरासरी फायदा बरोबर शून्य. पण वरच्यासारखा ‘देन’ असलेला एक पर्याय जरी खात्रीनं काढता आला, तरी उरलेल्या चारांतून उत्तर निवडणं किंचित फायद्याचं ठरतं.