पाळीच्या बैठकीत सेफ्टी ऑफिसरची ओळख

भाऊ, साहेबांच्या डिग्र्या वाचू नकोस. मी पहिल्यांदा तेच केलं, आणि रात्रपाळी संपवून निघालेली माणसं घड्याळाकडे बघत राहिली. अर्धा मिनिट पुरे, तेही मशीनच्या आवाजापासून लांब उभं राहून. हे कोण, कुठे भेटतील, कशासाठी बोलवायचं, एवढंच सांग. जळगावकडच्या चटई कारखान्यात मी असं म्हणतो:

"हे आपले नवे सेफ्टी ऑफिसर. दुपारपाळीत एक्स्ट्रुडरजवळ भेटतील. मशीनचं गार्ड निघालेलं दिसलं तर आधी मशीन बंद करा, मग यांना सांगा. मशीन थांबवली म्हणून कोणाचा पगार कापणार नाही."

शेवटचं वाक्य मॅनेजरची हमी घेऊनच बोल. फोन नंबर तोंडी लक्षात राहत नाही, तो मशीनजवळ मोठ्या अक्षरात चिकटव.