स्वीपचं व्याज आणि बचतीचं व्याज

प्रश्न : प्रतापनगरला राहतो, बुटीबोरीच्या कंपनीत नोकरी आहे. वय 41, करपात्र उत्पन्न साधारण 8 लाख, जुनी करप्रणाली घेतली आहे. पगाराच्या खात्याचं 2024-25 चं व्याज प्रमाणपत्र डाउनलोड केलं, त्यावर एकूण व्याज 18,640 रुपये आहे. शिवाय नागरी सहकारी बँकेतल्या बचत खात्यावर 2,310 आणि पतसंस्थेतल्या बचत ठेवीवर 1,450 मिळाले. सगळं दाखवून 10,000 ची वजावट घेतली आणि जुलैमध्ये रिटर्न भरलं. आता ऑफिसमधला मित्र म्हणतो, एवढी वजावट मिळत नाही. प्रमाणपत्र तर बँकेचंच आहे. चुकलं काय?

उत्तर : प्रमाणपत्र बरोबर आहे, पण तुम्ही त्याची शेवटची ओळ वाचून थांबलात. ते पुन्हा उघडा आणि बेरजेच्या वर किती ओळी आहेत ते पाहा. पगाराच्या खात्याला बहुधा ऑटो-स्वीप जोडलेलं असतं, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचे पैसे बँक आपोआप मुदत ठेवीत टाकते आणि गरज पडली की मोडून परत आणते. अशा प्रत्येक ठेवीला बँक वेगळा क्रमांक देते. प्रमाणपत्रात बचत खात्याच्या क्रमांकासमोर एक आकडा दिसेल आणि खाली या ठेवींच्या क्रमांकांसमोर दुसरे. हिशेब पुढे न्यायचा म्हणून बचतीचे 5,320 आणि स्वीप ठेवींचे 13,320 धरतो. तुमचे नेमके आकडे तुमच्या कागदावर असतील, ते इथे घालून घ्या.

कलम 80टीटीएची वजावट फक्त बचत खात्याच्या व्याजाला आहे, तीही सगळी खाती मिळून 10,000 पर्यंत. मुदत ठेवीला त्याच कलमात स्पष्ट नकार आहे. ठरावीक मुदत संपल्यावर परत मिळणारी ठेव म्हणजे मुदत ठेव, अशी व्याख्याही तिथेच दिली आहे. यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : स्वीपचे पैसे एटीएममधून कधीही काढता येतात, मग ती मुदत ठेव कशी? पण तुम्ही काढलेत म्हणजे ठेव मुदतीआधी मोडली, एवढंच झालं. मुदत बँकेने ठरवलेलीच होती, दरही ठेवीचाच मिळाला, आणि बँक आयकर खात्याला हे व्याज ठेवीचं म्हणूनच कळवते. वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडून पाहा : बचतीचं व्याज आणि ठेवीचं व्याज तिथे वेगवेगळं असेल. पुढच्या हिशेबात दिसेल, या मुद्द्यावर भांडून तुमच्या पदरात पाचशे रुपयेही पडणार नाहीत.

नागरी सहकारी बँकेचे 2,310 मात्र बिनधास्त धरा. बँकिंगचा व्यवसाय करणारी सहकारी संस्था या कलमात बसते. काही सहकारी बँका प्रमाणपत्र ऑनलाइन देत नाहीत. शाखेत अर्ज देऊन लेटरहेडवर घ्या, त्यावर खाते क्रमांक, 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 हा कालावधी आणि सही-शिक्का असू द्या. पासबुकावरून ताळा जमतो : तिमाहीच्या चार नोंदी, समजा 560, 580, 590 आणि 580, झाले 2,310. मार्चच्या तिमाहीचं व्याज कधी कधी एप्रिलच्या तारखेला छापलेलं असतं आणि बेरीज तिथेच चुकते. अशा वेळी बँकेच्या पत्रातला आकडा धरा.

पतसंस्थेचं तसं नाही. ती सभासदांच्या ठेवी घेते, पण तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि नावात ‘बँक’ लावायला तिला बंदी आहे. ओळखायचं तर पासबुकावरचं नाव पाहा आणि ठेव विमा आहे का ते काउंटरवर विचारा. परवाना नसलेल्या संस्थेचं व्याज, तिने त्याला बचत ठेव म्हटलं तरी, वजावटीत धरू नका. उत्पन्नात मात्र ते दाखवायलाच हवं.

म्हणजे तुमची वजावट 5,320 अधिक 2,310, एकूण 7,630. घेतली 10,000, जास्तीची 2,370. तुमच्या उत्पन्नावर 20 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणून फरक 493 रुपये.

आता हे झालं कसं? रिटर्नच्या फॉर्ममध्ये इतर उत्पन्नाखाली बचतीच्या व्याजाची एक ओळ आणि ठेवीच्या व्याजाची दुसरी ओळ असते. बचतीच्या ओळीत जेवढी रक्कम, त्याहून जास्त वजावट फॉर्म घेत नाही. तुमचे 10,000 स्वीकारले गेले, याचा अर्थ बहुधा सगळे 22,400 तुम्ही बचतीच्याच ओळीत टाकलेत. उत्पन्न लपवलेलं नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट. चूक फक्त ओळीची आहे, आणि नोटीस यायच्या आत ती स्वतःहून दुरुस्त केलेली बरी.

दुरुस्ती सुधारित रिटर्नने होते, कलम 139(5) खाली, 31 डिसेंबर 2025 पर्यंत. आधी ई-फायलिंग पोर्टलवर e-Pay Tax मध्ये जाऊन 2025-26 हे निर्धारण वर्ष आणि Self Assessment Tax (300) हा प्रकार निवडून 493 रुपये भरा. मग सुधारित रिटर्नमध्ये मूळ रिटर्नचा पावती क्रमांक आणि तारीख द्या. बचतीच्या ओळीत 7,630 ठेवा, ठेवीच्या ओळीत स्वीपचे 13,320 आणि पतसंस्थेचे 1,450 मिळून 14,770 टाका. वजावट 7,630. चलनाचा तपशील घाला आणि 30 दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर सगळा खटाटोप वाया जातो.

एक जागा मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. नवी करप्रणाली नको का, असा प्रश्न फॉर्म सुरुवातीला विचारतो. तिथे ‘हो’ निवडायचं राहिलं तर फॉर्म नवी प्रणालीच धरून चालतो आणि त्यात 80टीटीए मुळात नाही. तुम्ही मूळ रिटर्न मुदतीत, जुनी प्रणाली घेऊन भरलं आहे, तोच पर्याय इथे कायम ठेवा.

31 डिसेंबर हुकला तर अद्ययावत रिटर्न उरतं. त्यात पहिल्या वर्षी कर आणि व्याजाच्या रकमेवर वर आणखी 25 टक्के द्यावे लागतात. प्रमाणपत्रं रिटर्नला जोडायची नसतात. ती दोन्ही, एआयएसची प्रत आणि चलन एका फाइलमध्ये ठेवा, खात्याने विचारलं तर हाच तुमचा पुरावा. पुढच्या वर्षी व्याजाचं प्रमाणपत्र घेताना खातेनिहाय तपशिलाचंच मागा. काही बँकांच्या ॲपमध्ये नुसत्या बेरजेचा एक पानी कागदही निघतो, त्यावरून बचत आणि ठेव वेगळी करता येत नाही.