पेडिग्रीचे कागद बाजूला ठेवा, आधी कलम सात वाचा

"वकीलसाहेब, दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉर पिल्लू घेतलं, केनेल क्लबचं रजिस्ट्रेशन, पेडिग्री सगळं ओके. आता तो अकरा महिन्यांचा आहे आणि मागच्या पायाने लंगडतो. एक्स-रेत दोन्ही बाजूंना हिप डिस्प्लेसिया निघाला, रिपोर्ट येऊन सोळा दिवस झालेत. ब्रीडर फोनवर नुसतं 'बघू' म्हणतो. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. पेडिग्रीचा कुत्रा असून असं कसं? केनेल क्लबवर केस करता येईल का? अ‍ॅग्रीमेंटचा फोटो पाठवतेय."

ताई, केनेल क्लबला तूर्तास सोडा. तुम्हीच पाठवलेल्या फोटोत कलम सात आहे, ते सही करताना वाचलं नसावं, निदान आता तरी वाचा. त्यात लिहिलंय की हिपचा आनुवंशिक दोष कुत्र्याच्या वयाच्या एक वर्षाच्या आत डॉक्टरच्या रिपोर्टने दाखवला पाहिजे, रिपोर्टपासून एकवीस दिवसांत ब्रीडरला लेखी कळवलं पाहिजे आणि त्याला स्वतःच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायची संधी दिल्याशिवाय ऑपरेशन केलं तर गॅरंटी रद्द. सोळा दिवस गेले म्हणजे तुमच्या हातात पाच उरलेत, आणि ते तुम्ही फोनवर 'बघू' ऐकण्यात घालवताय. फोन म्हणजे लेखी नव्हे, ब्रीडरला हे तुमच्यापेक्षा चांगलं माहितेय.

म्हणून आजच ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्ट दोन्ही करा. त्यात कुत्र्याचं रजिस्टर्ड नाव, मायक्रोचिप नंबर, एक्स-रेची तारीख, रिपोर्टची कॉपी आणि 'अमुक तारखेपर्यंत तुमच्या डॉक्टरकडून तपासून घ्या, तोवर ऑपरेशन थांबवतेय' एवढं सरळ लिहा. ऑपरेशन थांबवता येईल का हे मात्र तुमच्या डॉक्टरला विचारा, कुत्र्याला वेदना असतील तर कायद्यासाठी त्याला ताटकळत ठेवा असं मी म्हणणार नाही, पण तसं असेल तर थांबणं शक्य नव्हतं हे डॉक्टरकडून लिहून घ्या. आणि एक्स-रेच्या फिल्मवरच चिप नंबर आहे का ते बघा. नसेल तर ब्रीडर बिनधास्त म्हणेल की हा फोटो दुसऱ्याच कुत्र्याचा आहे, मग सिद्ध करत बसा.

पुढची चाल पण सांगून ठेवतो. ब्रीडर म्हणेल की अमेरिकेतली ओएफए संस्था हिपचं पक्कं ग्रेडिंग चोवीस महिन्यांच्या आधी देत नाही, मग अकरा महिन्यांच्या कुत्र्याचा रिपोर्ट कसा चालेल. ओएफएचा नियम खरा आहे, पण तुमच्या कलमात 'डॉक्टरचा रिपोर्ट' लिहिलंय, ग्रेडिंग नाही, त्यामुळे या मुद्द्यावर तुमची बाजू मला बरी वाटते.

आता कागदांचं. केनेल क्लब ब्रीडरने दिलेल्या माहितीवरून आईबापांची नोंद ठेवतो, म्हणजे पेडिग्री सांगते वंश कुठला. कुत्र्याच्या तब्येतीची हमी त्यात नसते, अमेरिकन केनेल क्लब तर स्वतःच सांगतो की रजिस्ट्रेशन म्हणजे कुत्र्याच्या आरोग्याची खात्री नव्हे. मग क्लबवर कसली केस करणार? आईबापच खोटे दाखवलेत असा संशय असेल तर डीएनए तपासून क्लबकडे तक्रार करा, ती वेगळी गोष्ट, इथे तसं काही दिसत नाही.

पण कागदात एक कामाची जागा असू शकते. काही क्लब आईबापांच्या हिप तपासणीचा निकाल सर्टिफिकेटवर छापतात, ब्रिटनचा केनेल क्लब छापतो. तुमच्या सर्टिफिकेटवर ती जागा असून रिकामी असेल, आणि विक्रीच्या वेळच्या जाहिरातीत किंवा चॅटमध्ये ब्रीडरने 'आईबापाचे हिप्स क्लिअर' असं लिहिलेलं सापडलं, तर त्याला लेखी विचारा की रिपोर्ट कुठेय. रिपोर्ट नसेल तर ती खोटी बतावणी, आणि मला विचाराल तर तुमची खरी केस तिथेच आहे. कारण नुसत्या डिस्प्लेसियावर तो म्हणेल की हा दोष अनेक जनुकांमुळे येतो, चांगल्या हिपच्या जोडीलाही असं पिल्लू होतं, वर तुम्ही वाढीच्या वयात जास्त खायला घालून वजन वाढवलंत. पहिली दोन वाक्यं खरीच आहेत. तिसऱ्यासाठी दवाखान्यातली वजनाची नोंद काढून ठेवा.

किती पैसे सुटतील हे आत्ता सांगत नाही. तुमच्या कलमात 'पिल्लाची किंमत किंवा बदली पिल्लू' एवढंच आहे, ऑपरेशनचा खर्च नाही, तो मागायचा तर खोट्या बतावणीवर मागावा लागेल, आणि तो कितपत मिळेल हे तुमच्या इथला ग्राहक कायदा आणि कोर्ट ठरवेल. कोर्टाला लागायचा तेवढा वेळ लागेलच, कुत्रा म्हातारा होईल पण तारीख संपणार नाही. म्हणून म्हणतोय, नोटीस आज गेली तर ब्रीडरशी तडजोडीत बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल. ईमेल पाठवली की पोस्टाची पावती जपून ठेवा आणि त्या 'बघू'वाल्या फोनकॉलच्या तारखा आठवतील तशा लिहून ठेवा.