नवऱ्याचं 'काही नाही' आणि माझं सगळंच

प्रश्न: मी मनातलं सगळं नवऱ्याला सांगते, तो मात्र काहीही विचारलं की 'काही नाही' म्हणून गप्प बसतो. हे जुळवायचं कसं?

ताई, आमच्याकडे उलटं आहे, नवरा बोलका आणि मी घुमी, म्हणून तुमच्या नवऱ्याच्या बाजूने सांगते. 'काही नाही' म्हणजे दरवेळी लपवाछपवी नसते हो. तुम्हाला बोलता बोलता कळतं की आपल्याला काय वाटतंय, आम्हाला ते आधी एकट्याने कळावं लागतं, आणि तोपर्यंत कोणी चारदा विचारलं की आहे तेही आत जातं. मग समोरचा अजून मागे लागतो, आपण अजून गप्प, आणि शेवटी भांडण मूळ विषय सोडून 'तू बोलतच नाहीस' यावरच होतं.

मागे सातपूरला कंपनीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या कामावरून ऐकवलं होतं. घरी आले तर चेहऱ्यावर दिसतच असणार, ह्यांनी विचारलं, मी एवढंच म्हटलं, "झालंय काहीतरी, तुमच्यामुळे नाही, जेवण झाल्यावर सांगते." ह्यांनी परत विचारलं नाही (जीव वरखाली होत होता ते दिसत होतं 😄). जेवण झाल्यावर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर गेलो आणि दुसऱ्या राउंडला मीच विषय काढला. शेजारी शेजारी चालताना कोणी तोंडाकडे बघत नसतं, मला तरी तिथे सोपं जातं, तुमच्याकडे ते गाडीवर किंवा भांडी घासताना होईल.

यात वेळ गप्प माणसाने द्यायची आणि विषयही त्यानेच काढायचा, हे महत्त्वाचं. तो काढत नसेल आणि दरवेळी तुम्हालाच आठवण करावी लागत असेल, तर 'नंतर' म्हणजे नुसती टाळाटाळ. भांडण पेटलेलं असेल तर जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ निदान 20 मिनिटांचा ब्रेक घ्या म्हणतात, कारण छातीत धडधडत असताना समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही. आणि त्या 20 मिनिटांत मनात पुढचे टोमणे जुळवायचे नाहीत, नाहीतर ब्रेकचा उपयोग शून्य.

आता एक जरा टोचणारं विचारते. त्याने सांगितलेलं तुमच्या आईला किंवा बहिणीला कळतं का? आमच्यासारखी माणसं एकदा जरी आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली ना, की पुढचं सहा महिने तोंड उघडत नाहीत. तुम्हाला मन मोकळं करायला मैत्रीण हवीच, पण तिला तुमचं सांगा, त्याचं त्याला विचारून. तो बोलला की लगेच उपायही देऊ नका, आधी विचारा, नुसतं ऐकू का काही सुचवू.

बाकी तो चार चार दिवस अबोला धरून तुम्हाला वाकवत असेल, किंवा कर्ज, उधारी असलं काही दडवत असेल, तर हा स्वभाव वगैरे नाही. तिथे वाट बघत बसू नका, सरळ समोर बसवून विचारा.